‘गाडी टोटल लॉस आहे’ म्हणाले, तर आधी तीन आकडे मागा

मोठा अपघात झाला, देवाच्या कृपेने माणसं वाचली आणि गाडीचा चेंदामेंदा झाला. दोन-तीन दिवसांनी वर्कशॉपमधून फोन येतो, ‘साहेब, गाडी टोटल लॉसमध्ये चालली आहे.’ पाठोपाठ विमा कंपनीचा माणूस काही कागदांवर सह्या मागतो. घरचे अजून धक्क्यातून सावरलेले नसतात. अशा वेळी लोक सह्या करून मोकळे होतात.

तुम्ही तसं करू नका. एक-दोन दिवस थांबलात तर दावा बुडत नाही. त्या दोन दिवसांत तीन आकडे लेखी मागून घ्या. पहिला, तुमच्या गाडीचा आयडीव्ही. दुसरा, सर्व्हेअरने मंजूर धरलेला दुरुस्तीचा खर्च. तिसरा, मोडक्या गाडीला आलेली सगळ्यात मोठी बोली. हे तीन आकडे समोर असले की कंपनी काय ठरवते आहे आणि का, ते तुम्हाला स्वतःलाच कळेल.

पहिला आकडा : आयडीव्ही

तुमची पॉलिसी काढा. पहिल्याच पानावर आयडीव्ही नावाची रक्कम असते. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली, तर कंपनीने गाडीपोटी धरायची ही रक्कम. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून ती ठरते. गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढे तुम्ही आणि कंपनी मिळून रक्कम ठरवता.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पॉलिसी सुरू होताना ठरलेला आयडीव्ही त्या पॉलिसीच्या वर्षभर तोच राहतो. टोटल लॉस देताना त्यातून वयाची आणखी घट कापायची नाही, हे पॉलिसीच्या अटींतच आहे. ‘आता बाजारात या गाडीला इतके कुठे येतात?’ असं कोणी म्हणालं, तर पॉलिसीचं पान पुढे करा.

दुसरा आकडा : सर्व्हेअरचा, वर्कशॉपचा नव्हे

बहुतेकांची गफलत इथेच होते. वर्कशॉप एक एस्टिमेट काढतं. तो आकडा पाहून आपण म्हणतो, गाडी संपली. पण निर्णय त्या आकड्यावर होत नाही.

पॉलिसीतली अट अशी आहे : गाडी आणायचा आणि दुरुस्त करायचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींना धरून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर ती टोटल लॉस धरायची. ‘पॉलिसीच्या अटींना धरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. याचा अर्थ, ज्या भागांवर घट कापली जाते ती कापून कंपनीच्या वाट्याला जो खर्च उरेल, तो पाहायचा.

घट कशी कापतात? प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर निम्मी. काचेवर काहीच नाही. पत्रा आणि लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. गाडी तीन ते चार वर्षांची असेल तर २५ टक्के. मजुरीवर घट नाही. रंगाच्या बिलात फक्त रंगाच्या मालावर निम्मी घट. बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा माल धरतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू.

समजा, तुमची छोटी पेट्रोल गाडी कराडच्या अलीकडे महामार्गावर उभ्या ट्रकला मागून धडकली. गाडीचं वय तीन वर्षं चार महिने. आयडीव्ही ५,००,००० रुपये. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३,७५,०००. ही तुमची रेघ.

बॉनेट, रेडिएटर, पुढचा सगळा सांगाडा गेला. दोन एअरबॅगा उघडल्या. त्यांच्यासोबत डॅशबोर्डही बदलावा लागणार. वर्कशॉपने करासकट ४,६०,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं. त्यात पत्रा आणि लोखंडी भाग १,६०,०००. प्लास्टिक, रबर, एअरबॅगा १,६०,०००. काच २०,०००. मजुरी ७०,०००. रंगकाम ५०,०००.

सर्व्हेअर घट कापायला बसतो. पत्र्याचे २५ टक्के गेले, उरले १,२०,०००. प्लास्टिक आणि एअरबॅगांचे निम्मे गेले, उरले ८०,०००. काच पूर्ण २०,०००. मजुरी पूर्ण ७०,०००. रंगाच्या मालाची घट ६,२५० गेली, उरले ४३,७५०. बेरीज झाली ३,३३,७५०.

बघा, एस्टिमेट आयडीव्हीच्या ९२ टक्के आहे, पण सर्व्हेअरची बेरीज रेघेच्या आत आहे. म्हणून ही गाडी टोटल लॉस होत नाही, दुरुस्त होते. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीत १,००० रुपये तुम्हालाच भरावे लागतात. ते वजा होऊन कंपनी ३,३२,७५० देते. उरलेले १,२७,२५० तुमच्या खिशातून जातात.

आता हीच गाडी, हाच ट्रक, हाच मार. फक्त तुमच्या पॉलिसीत झिरो डेप आहे. मग घट कापायचीच नाही. कंपनीच्या वाट्याला पूर्ण ४,६०,००० येतात. हा आकडा ३,७५,०००च्या पुढे गेला. गाडी टोटल लॉस. गाडीच्या पूर्ण रकमेतून १,००० वजा होऊन तुमच्या हिशेबात ४,९९,००० येतात.

म्हणून शेजाऱ्याची गाडी टोटल लॉस झाली आणि आपली तशीच मोडकी असून झाली नाही, तर लगेच कंपनीने फसवलं असं समजू नका. आधी दोघांच्या पॉलिसी शेजारी ठेवून बघा.

सर्व्हेअरचा हिशेब भागवार मागा. नुसता शेवटचा आकडा घेऊ नका. कोणता भाग मंजूर केला, कोणता काढून टाकला, कुठे ‘बदला’ ऐवजी ‘दुरुस्त करा’ लिहिलं, हे त्यात दिसतं. अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. ई-मेलवर मागा म्हणजे तारीख राहते.

आणखी एक सावधगिरी. पहिलं एस्टिमेट गाडी वरवर बघून केलेलं असतं. इंजिन खाली उतरवलं, पुढचा भाग उघडला की आतला मार दिसतो. गिअरबॉक्सला तडा, वाकलेली चेसिस, जळालेली वायरिंग. तेव्हा आकडा वाढतो आणि आधी ‘दुरुस्ती’ म्हटलेली गाडी रेघ ओलांडू शकते. तुमचा आकडा रेघेच्या जवळ असेल तर वर्कशॉपला सांगा, ‘आधी पूर्ण उघडा, सर्व्हेअरला दाखवा, मगच भाग मागवा.’ निम्मे भाग आल्यावर निर्णय फिरला, तर त्यांचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद होतो.

तिसरा आकडा : मोडक्या गाडीची बोली

टोटल लॉस झालेल्या गाडीलाही किंमत असते. तिचं चालू इंजिन, दारं, सीट, चाकं विकली जातात. या मोडक्या गाडीला सॅल्व्हेज म्हणतात. कंपनी तिचे फोटो ऑनलाइन लिलावात टाकते आणि भंगारवाले, जुन्या भागांचे व्यापारी बोली लावतात.

आपल्या उदाहरणात सगळ्यात मोठी बोली १,६०,००० ची आली असं धरा. आता तुमच्यापुढे सहसा दोन वाटा येतात.

एक, कंपनी मोडकी गाडी स्वतःकडे घेते आणि तुम्हाला ४,९९,००० देते.

दुसरी, गाडी तुमच्याकडेच राहते. कंपनी बोलीची रक्कम कापून ३,३९,००० देते. बोली लावणारा तुम्हाला १,६०,००० देऊन गाडी नेतो. बेरीज पुन्हा ४,९९,००० च होते.

दोन्ही वाटांनी पैसे सारखे दिसतात. जोखीम मात्र सारखी नाही. दुसऱ्या वाटेत गाडी तुम्ही विकता, म्हणजे पुढचं सगळं तुमच्या नावावर येतं. व्यापाऱ्याने ऐन वेळी ‘एवढी नाही देत, लाख देतो’ म्हटलं, तर ६०,००० चा खड्डा तुम्हाला पडतो. म्हणून ही वाट पत्करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या, की बोली लावणारा कोण, किती दिवस त्याची बोली टिकेल आणि तो मागे हटला तर फरक कोण भरणार. समाधानकारक उत्तर आलं नाही, तर पहिल्या वाटेचा आग्रह धरा.

आणि हो, हा तिसरा आकडा कंपनीच्या मनातही असतो. टोटल लॉस दिला तर तिच्या खिशातून बोली वजा जाता ३,३९,००० जातात. दुरुस्ती दिली तर, झिरो डेप नसताना, ३,३२,७५०. दोन आकडे इतके जवळ आले की कंपनी कधी कधी ‘दुरुस्तीऐवजी रोख घ्या आणि गाडी ठेवा’ असंही सुचवते. तुमचा आकडा रेघेच्या आत असेल तर तुम्ही दुरुस्ती मागू शकता. रोख घेतलीत, तर गाडी दुरुस्त करून कंपनीला दाखवेपर्यंत त्याच जागच्या माराचा पुढचा दावा अडकतो, हे ध्यानात ठेवा.

आरसी हातातून सोडू नका

आता मी सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट सांगतो.

वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये गाडी उचलायला व्यापाऱ्याचा माणूस येतो. क्रेन उभी असते. तो पैसे ट्रान्सफर केल्याचं दाखवतो आणि फॉर्म २९ आणि ३० पुढे करतो. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. तारखेची जागा कोरी. ‘पुढचं आम्ही भरतो, तुम्ही फक्त सही करा.’ सोबत तो मूळ आरसी मागतो.

तिथे सही करू नका.

कारण असं की मोडक्या गाडीपेक्षा तिच्या कागदांना जास्त भाव असतो. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी मिळवायची. तिच्यावर तुमच्या गाडीचा चेसिस नंबर उमटवायचा. तुमची आरसी लावायची. झाली नवी गाडी तयार. ती रस्त्यावर फिरते तेव्हा कागदोपत्री मालक तुम्हीच असता.

त्या गाडीने कोणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे, की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईला जबाबदार मालक. ‘मी तर कधीच विकली’ हे उत्तर पुरत नाही.

म्हणून असं करा.

गाडी पुन्हा रस्त्यावर येण्याजोगी नसेल तर आरसी रद्द करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पोचपावती घ्या. ती पॉलिसीसोबत जपून ठेवा.

कंपनी गाडी स्वतःकडे घेत असेल तर आरसी कोण रद्द करणार, हे लेखी ठरवा. काम झाल्यावर आरटीओच्या ऑनलाइन नोंदीत स्वतः खात्री करा.

घेणाऱ्याला गाडी दुरुस्त करून वापरायची असेल आणि आरसी चालू राहणार असेल, तर कोरे फॉर्म देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आधी भरा, मग सही करा. त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करा. आरटीओत नाव बदललं की नाही, ते पंधरवड्याने बघा.

फास्टॅग काचेवरून काढा आणि बंद करा. नाहीतर दुसऱ्याच्या प्रवासाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

गाडीवर कर्ज असेल तर

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. पैसे तुमच्या हाती येतील आणि मग कर्ज फेडू, असा हिशेब मांडू नका.

वरच्याच उदाहरणात तुमचं ४,२०,००० कर्ज बाकी आहे असं धरा. तुम्ही दुसरी वाट घेतलीत. कंपनीचे ३,३९,००० बँकेत गेले. तरी ८१,००० बाकी राहिले. ते भरल्याशिवाय बँक ना हरकत दाखला देणार नाही. तो दाखला नसेल तर आरसी ना रद्द होणार, ना दुसऱ्याच्या नावावर जाणार. व्यापारी मात्र दारात उभा.

म्हणून कंपनीला होकार देण्याआधी बँकेत जा. आजच्या तारखेला कर्ज पूर्ण फेडायला नेमके किती लागतील, ते लेखी घ्या. पैसे मिळाल्यावर दाखला किती दिवसांत मिळेल, तेही विचारा.

दावा मिटेपर्यंत हप्ते थांबवू नका. गाडी शेडमध्ये पडून आहे म्हणून हप्ता थकवला, तर दंड लागतो आणि तुमची पत बिघडते. पुढची गाडी घ्यायला कर्ज लागेल तेव्हा ते आडवं येईल.

वर्कशॉपचं भाडं

गाडी दुरुस्त होणार नसेल तर वर्कशॉपला फायदा उरत नाही. मग एस्टिमेट काढल्याचे, गाडी उघडल्याचे आणि रोजच्या जागेचे पैसे लावले जातात. गाडी महिनाभर पडली तर ही रक्कम बरीच होते.

गाडी आत नेतानाच विचारा, ‘टोटल लॉस झाली तर तुमचे काय काय पैसे लागतील?’ उत्तर मेसेजवर घ्या. निर्णय लांबला तर कंपनीला ई-मेल करून कळवा, की जागेचं भाडं चालू आहे आणि उशीर आमच्यामुळे नाही.

टोइंगचंही तसंच. साध्या पॉलिसीत गाडी ओढून आणायला १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. रोडसाइड मदतीचं जादा कव्हर असेल तर आधी त्यांना फोन करा. आधी एका गॅरेजला, मग दुसऱ्याला असं ओढत बसू नका.

पटलं नाही तर

आकडे पटले नाहीत तर वाद तोंडी घालू नका. कोणता भाग, किती रुपये, का चुकीचं, हे एका पानात लिहा. दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट जोडा. ते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाही म्हटल्यापासून एका वर्षाच्या आत जा. ग्राहक आयोगाची वाटही आहे.

‘सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही’ अशा पावतीवर सही करायला सांगतात. रक्कम पटली नसेल तर सहीआधीच हरकत ई-मेलने नोंदवा.

अपघाताआधी करायचं काम

हे सगळं अपघातानंतरचं झालं. खरा निकाल मात्र पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या दिवशीच बराचसा लागलेला असतो.

त्या दिवशी हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी आयडीव्ही खाली आणतं. आपल्या गाडीचा आयडीव्ही ५ लाखांऐवजी ४ लाख ठेवला असता, तर रेघ ३,७५,००० वरून ३,००,००० वर आली असती. मग सर्व्हेअरचे तेच ३,३३,७५० रेघेपलीकडे गेले असते. दुरुस्त होऊ शकणारी गाडी टोटल लॉस झाली असती आणि हातात आले असते ३,९९,०००. हप्त्यात वाचलेले थोडे रुपये आणि आयडीव्हीतला हा एक लाखाचा फरक, दोन्ही समोर ठेवून ठरवा.

उलट, हवा तितका आयडीव्ही वाढवूनही उपयोग नाही. गाडीच्या किमतीला आणि वयाला धरून असेल तेवढाच ठेवा.

गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर झिरो डेपचा भाव विचारा. गाडी अगदी नवी आणि कर्ज मोठं असेल, तर गाडीची खरेदीची किंमत परत देणारं जादा कव्हरही मिळतं, त्याचाही भाव विचारा. कर्ज आणि आयडीव्ही यांतला खड्डा त्याने भरतो.

आज घरी गेल्यावर पॉलिसी उघडा. आयडीव्हीचा आकडा बघा आणि त्याचे ७५ टक्के काढून त्याच पानावर पेन्सिलने लिहून ठेवा. खाली झिरो डेप आहे की नाही ते लिहा. कर्ज असेल तर बाकी रक्कम लिहा. त्या पानाचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवर पाठवा. गाडी आदळेल तेव्हा कदाचित तुम्ही दवाखान्यात असाल, आणि वर्कशॉपचा फोन दुसऱ्याच कोणाला घ्यावा लागेल.